ऑक्झॅलिकचं रिडिंग दरवर्षी चुकतं: ब्युरेटच्या आकड्यावरून चूक कुठं झाली ते ओळखणं

दरवर्षी जुलैत हाच प्रकार. घन ऑक्झॅलिक आम्ल तोलून त्याचं ०.१ मोलर द्रावण २५० मिली करायचं, मग त्यातलं थोडं घेऊन पाचपट पातळ करायचं, आणि दोन्ही कॉस्टिकशी टायट्रेट करून बघायचं. कागदावर सोपं. आणि दरवर्षी कुणीतरी पोट्टा ब्युरेटकडं बघत म्हणतो, “मॅडम, रिडिंग बरोबर येऊन नाही राहिलं.” मग सगळं बेसिनमध्ये ओतून नव्याने सुरुवात होते, आणि पुष्कळदा तीच चूक पुन्हा होते, कारण ती कुठं झाली हे कुणी शोधलेलंच नसतं.

ओतून देऊ नका. चुकलेलं रिडिंग हा पुरावा असतो. कोणती चूक झाली ते बहुतेक वेळा आकडाच सांगतो. नागपूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमध्ये इतक्या वर्षांत जे आकडे पुन्हा पुन्हा पाहिले, ते कशामुळं येतात हे लिहिते आहे.

आधी बरोबर आकडा काय यायला हवा ते ठरवू. ऑक्झॅलिकचा एक रेणू कॉस्टिकचे दोन रेणू खातो. म्हणून ०.१ मोलर ऑक्झॅलिक १० मिली घेतलं, तर ०.१ मोलर कॉस्टिक २०.० मिली लागायला हवं. पातळ केलेलं द्रावण ०.०२ मोलर असतं. त्याचे १० मिली घेतले तर रिडिंग अवघं ४ मिलीचं येतं आणि त्यात वाचण्याची चूकच फार मोठी दिसते. म्हणून मी पातळ द्रावणाचे २५ मिली घ्यायला लावते. त्याला १०.० मिली लागायला हवेत. म्हणजे पहिलं रिडिंग दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट. हे २०, १० आणि दुप्पट एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं त्यावरच चालतं.

रिडिंग १४.३ आलं

ही चूक सगळ्यात जास्त वेळा होते, आणि सगळ्यात जास्त वेळा लपूनही राहते. सगळ्या गटांचं रिडिंग १४.२, १४.३, १४.३ असं एकमेकांशी छान जुळतं, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. सीबीआर, म्हणजे लागोपाठ तेच ब्युरेट रिडिंग, मिळालं की पोट्टे खूश. मग गणितात कॉस्टिकची मोलॅरिटी ०.१४ काढतात आणि जर्नल सबमिट.

इथं थोडं थांबून विचार करायला हवा. कॉस्टिकच्या गोळ्या हवेतलं पाणी ओढतात, कार्बन डायॉक्साइडही ओढतात. पावसाळ्यात वॉच ग्लासवर ठेवलेल्या गोळ्या आपल्या डोळ्यांदेखत चिकट होतात. म्हणजे एक लिटरला ४ ग्रॅम तोलून केलेलं कॉस्टिक ०.१ पेक्षा थोडं कमीच भरणार, जास्त नाही. कमी भरलं तर ते जास्त मिली लागेल, म्हणजे रिडिंग २० च्या वर जाईल. शुद्धाहून शुद्ध काही नसतं, त्यामुळं तोलण्यात मोठी गफलत झाली नसेल तर कॉस्टिकच्या दोषानं रिडिंग २० च्या खाली येऊच शकत नाही. २० च्या खाली आलं की आधी ऑक्झॅलिककडं बघायचं.

आता १४.३ ला २० नं भागा. ०.७१५ येतात. आणि ९० ला १२६ नं भागा. ०.७१४. इथंच चोर सापडला.

बाटलीतलं ऑक्झॅलिक नुसतं आम्ल नसतं. प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू स्फटिकात बसलेले असतात. बाटलीवर H2C2O4·2H2O असं लिहिलेलं असतं आणि खाली रेणुवस्तुमान १२६.०७. पण पोरांना पुस्तकातून H2C2O4 पाठ असतं, त्यावरून हिशेब करतात ते ९०.०३ चा. ९० धरलं की २.२५ ग्रॅम तोलले जातात. हवे असतात ३.१५:

```
w = 0.1 × 0.250 × 126.07 = 3.15 g
```

मी आता फळ्यावर वजन लिहून देतच नाही. बाटली टेबलावर ठेवते आणि लेबल वाचून वजन काढायला लावते. पहिल्या वर्षी निम्म्या गटांनी लेबल उलट बाजूनं धरून पाठ सूत्रावरूनच हिशेब केला, पण तरी सवय लागते.

ही चूक झाली तरी द्रावण वाया जात नाही. २.२५ ग्रॅम तोललेत हे वहीत लिहिलेलं असेल तर खरी मोलॅरिटी ०.०७१४ धरून पुढं चालता येतं. उरलेलं ०.९० ग्रॅम त्याच फ्लास्कमध्ये टाकून “दुरुस्त” करू नका. मार्कपर्यंत भरलेल्या द्रावणात घन टाकलं की आकारमान बदलतं आणि मग काहीच नक्की राहत नाही.

याच पाण्याचा एक उलटा प्रकार नागपुरात घडतो. विदर्भात शाळा-कॉलेजं जूनच्या शेवटी उघडतात. तोवर झाकण नीट न लावलेली बाटली अख्खा मे, नवतपा धरून, बंद लॅबच्या कपाटात तापत असते. कोरड्या उन्हाळी हवेत स्फटिकांतलं पाणी थोडं थोडं उडून जातं. चकचकीत, काचेसारखे स्फटिक वरून पांढुरके, पिठासारखे होतात. मग ३.१५ ग्रॅममध्ये आम्ल जास्त, पाणी कमी, आणि रिडिंग २० च्या वर जातं. इथं मात्र अडचण आहे: वर गेलेलं रिडिंग ओल्या कॉस्टिकमुळंही येतं, त्यामुळं नुसत्या आकड्यावरून फरक कळत नाही. स्फटिक बघा. पिठूळ झालेले दिसले तर ती बाटली बाजूला ठेवा आणि घट्ट झाकणाची दुसरी घ्या. पहिली बाटली भांडी घासायला, गंजाचे डाग काढायला चालेल. प्रमाण द्रावणाला नाही.

गटागणिक रिडिंग वाढत गेलं

ही घटना माझ्या चांगली लक्षात आहे, कारण त्या दिवशी मी दोन तास पिपेटवर संशय घेत बसले होते. द्रावण एकच, आमच्या लॅबच्या भाऊंनी फ्लास्कमध्ये तयार केलेलं. त्यांनी आठ गटांना रांगेनं तीस-तीस मिली ओतून दिलं. रिडिंग आली ती अशी: १८.४, १८.६, १८.९, १९.३, १९.८, २०.६, २१.६, २२.८.

पहिल्या गटाला मी रागावले, शेवटच्यालाही रागावले. दोघांनी पुन्हा केलं, आकडे तेच आले. मग फळ्यावर आठही आकडे ओळीनं लिहिले आणि बघताना कळलं की हे विस्कळीत नाहीत, चढते आहेत. आणि सरासरी काढली तर बरोबर २०.०.

सरासरी बरोबर आहे म्हणजे फ्लास्कमध्ये आम्ल पूर्ण होतं, वजन बरोबर होतं, पाणी बरोबर होतं. फक्त आम्ल सगळीकडं सारखं नव्हतं. भाऊंनी बीकरमध्ये विरघळवलेलं दाट द्रावण फ्लास्कमध्ये ओतलं, वरून मार्कपर्यंत पाणी घातलं, बूच लावलं आणि एकदा हलकंसं फिरवून ठेवून दिलं. दाट द्रावण जड असतं, ते पोटात खाली बसलं. पाणी मानेत आणि वरच्या भागात राहिलं. ओतताना वरचं पातळ आधी गेलं, तळातलं दाट शेवटी.

“रात्रभर ठेवलं असतं तर आपोआप मिसळलं असतं ना?” असं भाऊंनी विचारलं. नाही मिसळत. द्रवातलं मिसळणं नुसतं ठेवून फार हळू होतं, आणि जड थर खाली असला की त्याला वर यायला काही कारणच नसतं. शिवाय या फ्लास्कची मान मुद्दाम अरुंद केलेली असते, मार्क अचूक वाचता यावा म्हणून. तिच्यातलं पाणी फ्लास्क नुसता गोल फिरवून खाली येत नाही.

उपाय एकच: बूच अंगठ्यानं घट्ट दाबायचं, फ्लास्क पूर्ण उलटा करायचा, हवेचा बुडबुडा मानेतून पार पोटात वर जाऊ द्यायचा, मग सरळ करायचा. असं पंधरा-वीस वेळा. बुडबुडा प्रवास करतो तेवढंच मिसळतं. आता आमच्याकडं एक पोरगी मोजते आणि एक पोरगा उलटतो, मोठ्यानं मोजल्याशिवाय ओतायचं नाही असा नियम आहे.

या चुकीत मात्र वाटून झालेलं द्रावण वाचवता येत नाही. फ्लास्कमध्ये उरलेलं कितीही हलवलं तरी त्याची मोलॅरिटी आता कुणालाच ठाऊक नसते. टाकून द्या आणि नवीन करा.

इथंच आणखी एक सापळा आहे. उलटसुलट केल्यावर फ्लास्क टेबलावर ठेवला की पातळी मार्कच्या थोडी खाली दिसते. पोट्टे लगेच वॉश बॉटल उचलतात. नका भरू! ते द्रावण कुठं गेलेलं नसतं, बुचाला आणि मानेच्या वरच्या काचेला चिकटलेलं असतं. मार्क लावून झाला तेव्हाच २५० मिली ठरले. आता घातलेलं प्रत्येक थेंब पाणी द्रावण पातळच करणार.

सगळ्यांचं रिडिंग २० च्या जरा इकडं किंवा तिकडं

१९.६, १९.५ असं सगळ्यांचं सारखंच थोडं कमी आलं तर बहुधा आम्ल बीकरमध्येच राहून गेलेलं असतं. हिशेब करून बघा. ५० मिली पाण्यात विरघळवलं आणि ओतल्यावर बीकरच्या काचेवर, काडीवर, फनेलमध्ये मिळून एक मिली मागं राहिलं, तर ५० मधला १ म्हणजे २ टक्के आम्ल गेलं. २०.० चं १९.६ झालं. त्याच बीकरमध्ये १० मिली डिस्टिल्ड वॉटर फिरवून ते फ्लास्कमध्ये ओतलं की राहिलेला भाग अकराव्या हिश्श्यावर येतो. दुसऱ्यांदा केलं की त्याच्याही अकराव्या हिश्श्यावर. म्हणून एकदाच ३० मिलीनं धुण्यापेक्षा १०-१० मिलीनं तीनदा धुणं बरं. वॉच ग्लास विसरू नका. स्फटिकाचा चुरा तिथंच चिकटतो.

थोडं जास्त, म्हणजे २०.३ च्या आसपास आलं आणि डिसेंबर-जानेवारीचे दिवस असतील, तर मी आधी विचारते, “बीकर गरम केला होता का?” नागपूरच्या थंडीत सकाळच्या बॅचला पाणी इतकं गार असतं की स्फटिक विरघळायला वेळ लागतो. मग कुणीतरी बीकर बर्नरवर धरतं आणि गरम द्रावण तसंच फ्लास्कमध्ये ओतून मार्क लावतं. ६० अंशांवर भरलेलं पाणी २५-२७ अंशांवर आलं की सुमारे १.३ टक्के आकसतं, म्हणजे २५० मिलीत तीन मिलीहून जास्त. द्रावण तेवढं दाट होतं.

फ्लास्कच्या अंगावर बारीक अक्षरांत २० किंवा २७ अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. त्या तापमानाला तो २५० मिली धरतो. मेमध्ये लॅब ४२ अंशांवर असताना द्रावण करून तिथंच वापरलं तर फारसं बिघडत नाही, कारण पिपेट, ब्युरेट आणि द्रावण सगळेच तेवढेच तापलेले असतात. बिघडतं ते भरताना एक तापमान आणि वापरताना दुसरं असलं की. गरम करायला हरकत नाही. फक्त फ्लास्क लॅबच्या तापमानाला येईपर्यंत मार्क लावायचा नाही. गरम असतानाच मार्क लागला असेल आणि थंड झाल्यावर पातळी खाली गेलेली दिसली, तर अजून काहीच बाहेर काढलेलं नसेल तोवर पाणी घालून पुन्हा मार्क लावता येतो. (वरच्या चिकटलेल्या थेंबांच्या गोष्टीशी याची गल्लत करू नका. तिथं आकारमान कमी झालेलं नव्हतं, इथं खरंच झालेलं आहे.) पाणी मार्कच्या वर गेलं तर मात्र उपाय नाही. ड्रॉपरनं वरचं काढून घेतलं तर त्यासोबत आम्लही निघतं.

तोलताना एक आमच्याकडची खास अडचण: कूलर. उन्हाळी वर्गात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात कूलरचा झोत थेट तराजूवर येत असेल तर दुसरा दशांश नाचत राहतो, आणि पोरं जो आकडा आवडला तो लिहितात. तोलताना कूलर बंद करा, दोन मिनिटं घाम येऊ द्या. आणि बरोबर ३.१५ यावं म्हणून चिमटीनं काढत-घालत बसण्यात अर्थ नाही. काढलेलं परत बाटलीत टाकलं तर बाटली खराब होते. ३.२१ आलं तर ३.२१ लिहा. मोलॅरिटी ०.१०२ झाली, एवढंच. द्रावण ०.१ असण्यापेक्षा ते नक्की किती आहे हे माहीत असणं कामाचं.

पाण्याबद्दल एकच सांगते. डिस्टिल्ड संपलं म्हणून नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरलं तर द्रावण काही वेळात दुधाळ होतं. पाण्यातल्या कॅल्शियमचं कॅल्शियम ऑक्झॅलेट होऊन ते खाली बसतं. गढूळपणा दिसला की द्रावण टाका. त्यातलं ऑक्झॅलिक किती खाल्लं गेलं ते तुम्हाला कळणार नाही.

पहिलं बरोबर, पण पातळ केलेलं चुकलं

स्टॉकचं रिडिंग २०.० आणि पातळ द्रावणाच्या २५ मिलीचं ८.३ असं आलं की मला हसू येतं. पाचपट करायचं होतं, सहापट झालं.

पोरांना सूत्र येत असतं: M1V1 = M2V2. त्यावरून ५० मिली स्टॉक आणि २५० मिली हे आकडेही बरोबर काढतात. मग ५० मिली घेतात आणि त्यात २५० मिली पाणी घालतात. सूत्रातलं V2 हे घालायचं पाणी नाही, शेवटी होणारं एकूण आकारमान आहे. ५० आणि २५० मिळून ३०० झाले, द्रावण ०.०१६७ मोलर झालं, आणि १० ऐवजी ८.३ लागले. ही चूक बीकर किंवा मोजपात्र वापरलं की होते. २५० मिलीचा फ्लास्कच घेतला तर होऊच शकत नाही, कारण त्यात ३०० मिली मावत नाहीत. म्हणून पातळ करतानाही फ्लास्क वापरा: २५ च्या पिपेटनं दोनदा स्टॉक सोडायचा, मार्कपर्यंत पाणी, आणि पुन्हा ते पंधरा-वीस वेळा उलटणं. पातळ द्रावण तरी लवकर मिसळत असेल असं वाटतं, पण तिथंही तळाशी ५० मिली दाट आणि वर २०० मिली पाणी हाच प्रकार असतो.

रिडिंग १०.३ आलं तर चूक दुसरीच असते. पिपेट आणि ब्युरेट ज्या द्रावणासाठी वापरायचे त्याच द्रावणानं आधी खंगाळून घ्यायचे, हे पोरांना इतकं पढवलेलं असतं की ती फ्लास्कही स्टॉकनं खंगाळतात. मग पिपेटनं ५० मिली मोजून सोडण्याआधीच फ्लास्कच्या काचेवर दीड-दोन मिली स्टॉक बसलेला असतो, आणि द्रावण तीन-चार टक्के दाट होतं. फ्लास्क नुसता डिस्टिल्ड वॉटरनं धुवायचा, ओला राहिला तरी चालतो. नाहीतरी त्यात पाणीच घालायचं आहे. खंगाळायचा तो पिपेट. तो आतून पाण्यानं ओला राहिला तर उलट रिडिंग १० च्या जरा खाली येतं.

आणि हो, पिपेटच्या टोकातला तो शेवटचा थेंब. तो फुंकायचा की नाही यावर दरवर्षी वाद होतो. नाही फुंकायचा; टोक काचेला टेकवून जेवढं येईल तेवढं येऊ द्यायचं. पण तो थेंब म्हणजे २५ मिलीत ०.०५ मिलीच्या आसपास. त्यावर दहा मिनिटं भांडणारेच पुढच्या क्षणी ५० मिली जास्त पाणी ओततात. पिपेट तोंडानं ओढू नका, हे मात्र वादाच्या पलीकडचं. ऑक्झॅलिक विषारी आहे. रबरी बल्ब वापरा.

दोन चुका एकदम

गेल्या वर्षी पावसाळ्यात एका दुसऱ्या शाळेतल्या सरांचा फोन आला. नवीनच लागलेले, वैतागलेले. “मॅडम, सगळं तीनदा केलं. स्टॉकच्या १० मिलीला १४.५ लागून राहिले, पातळच्या २५ ला ६.०५. कॉस्टिकची बाटली पण बदलली. काऊन असं होऊन राहिलं काही समजतच नाही.”

मी विचारलं, “सर, १४.५ ला ६.०५ नं भागा.”

“२.४.”

“दुप्पट यायला हवं होतं. २.४ आले.”

हा भागाकार सगळ्यात कामाचा, कारण त्यात कॉस्टिकचा संबंधच येत नाही. कॉस्टिक कमी असो की जास्त, दोन्ही रिडिंग त्याच प्रमाणात बदलतात आणि भागाकार तोच राहतो. वजनाची चूक असली तरीही तोच राहतो, कारण पातळ द्रावण त्याच स्टॉकमधून केलेलं असतं. भागाकार बिघडला तर चूक फक्त पातळ करण्यात. २.४ म्हणजे २ च्या सहा-पंचमांश, म्हणजे पाचच्या जागी सहापट. सरांना विचारलं, पाणी कशात घातलं? मोठ्या बीकरमध्ये, मोजपात्रानं २५० मिली. एक चूक सापडली.

उरले १४.५. पातळ करण्याची चूक स्टॉकच्या रिडिंगला शिवत नाही, त्यामुळं हा आकडा वेगळा बघायचा. २० च्या बराच खाली, म्हणजे ऑक्झॅलिकमध्येच. किती तोललं विचारलं तर वहीत बघून म्हणाले, २.२५. पाणी धरलेलंच नव्हतं. पण मग १४.३ यायला हवं होतं, १४.५ का? तेवढा वरचा भाग कॉस्टिकचा. ते पावसाळ्यातलं होतं, थोडं ओलं, म्हणून थोडं जास्त लागलं. बाटली बदलूनही आकडा हलला नव्हता, कारण दुसरी बाटलीही त्याच लॅबच्या हवेत उघडली गेलेली.

सर थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, “म्हणजे तीनदा केलं तरी तीनदा तेच केलं.”

त्यांनी दुसऱ्या दिवशी लेबल वाचून ३.१५ ग्रॅम तोलले, तीनदा धुतलं, फ्लास्क वीस वेळा उलटला. स्टॉकला २०.३ आले. फ्लास्कमध्ये पाचपट केलेल्याच्या २५ मिलीला १०.१५. भागाकार बरोबर २. आणि २०.३ वरून कॉस्टिकची खरी मोलॅरिटी निघाली ०.०९८५, जी पावसाळ्यातल्या ओल्या गोळ्यांकडून अपेक्षित होतीच.

मला फोटो पाठवला, फ्लास्कच्या लेबलाचा. त्यावर लिहिलेलं: ऑक्झॅलिक, पाण्यासकट १२६.०७, तोललेलं ३.१५ ग्रॅम, २५० मिली, तारीख. आणि खाली पेन्सिलीनं, “२० वेळा उलटलं.”